विचारायला रस्त्यावर कुणी नसतं, त्या वेळेसाठी: गल्लीच्या पाटीबद्दल आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, महानगरपालिका

विषय: नाल्याकडच्या नऊ गल्ल्यांच्या तोंडाशी नावाच्या पाट्या लावण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त पोस्टमन आहे. चौतीस वर्षं याच शहरात टपाल वाटलं, पण स्टेशनच्या पलीकडच्या भागात. ज्या गल्लीबद्दल लिहितोय ती माझ्या बीटमध्ये कधीच नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून आपल्याला वाटेल, पोस्टमनला पत्ता सापडला नाही? नाही सापडला. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

गेल्या जुलैतली गोष्ट. माझ्या जुन्या मित्राच्या घरी वहिनींना ताप होता, म्हणून खिचडीचा डबा घेऊन निघालो. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. संध्याकाळपासून पाऊस असा लागला होता की स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर पन्नास-साठ माणसं आणि रिक्षा एक. रिक्षावाला नाल्याकडे जायला तयार झाला, पण दोन सवाऱ्या मिळाल्या तरच. माझ्या मागे एक मुलगी उभी होती. पंचवीस-सव्वीसची असेल, पाठीवर सॅक आणि ती भिजू नये म्हणून वरून कचऱ्याची काळी पिशवी चढवलेली. ती म्हणाली, "मलाही नाल्याकडेच जायचंय. गल्ली नंबर चार, संत सावता माळी पथ." मी म्हणालो, "मला विहिरीच्या गल्लीत." रिक्षावाला म्हणाला, "बसा काका, बसा ताई. आधी ताईला सोडू, मग तुमची ईहीर बघू. पर म्या चार महिनेच झाले हितं येऊन, वाट तुमी सांगायची."

ती घरी जाऊन रुग्णसेवा करणारी नर्स होती. एका आजोबांना अर्धांगवायू झालेला, गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली. रायल्स ट्यूब म्हणतात. संध्याकाळी झोपेत हात लागून ती बाहेर आली होती. त्याच नळीतून जेवण जातं आणि त्याच नळीतून फिटचं औषध. रात्री नऊचा डोस होता. "घरच्यांनी घाबरून तोंडाने पाणी पाजू नये एवढंच," ती म्हणाली, "ठसका लागून श्वासनलिकेत गेलं तर कठीण." तेच सांगायला तिने रिक्षातून दोनदा फोन केला.

आता रस्ता कसा चुकला तो टप्प्याटप्प्याने सांगतो. प्रत्येक चूक वेगळी आहे आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

रेल्वेखालचा भुयारी रस्ता पाण्याखाली होता, म्हणून आम्ही लांबून, नव्या डीपी रस्त्याच्या बाजूने फिरलो. मुलीच्या मोबाईलवर घरच्यांनी पाठवलेलं ठिकाण होतं. नकाशाने नेलं त्या वाटेने आम्ही गेलो आणि तो म्हणाला, पोहोचलात. समोर नाला होता. काठोकाठ, चहासारख्या रंगाचं पाणी, आणि पलीकडे घरांच्या मागच्या भिंती. ठिकाण खोटं नव्हतं. ते घर खरंच तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण गल्ल्या अरुंद, घराची मागची बाजू नाल्यावर, आणि नकाशाने त्या ठिपक्याला सर्वांत जवळचा मोठा रस्ता पकडला तो पलीकडच्या काठाचा. चाळीस पावलांचं अंतर आणि पूल दीड किलोमीटर मागे.

पूल ओलांडून आम्ही गल्ल्यांच्या रस्त्यावर आलो. आपल्याला भाग ठाऊक असेल: एका बाजूला मुख्य रस्ता, दुसऱ्या बाजूला नाला, आणि मध्ये फणीच्या दातांसारख्या नऊ गल्ल्या. मुलीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. रिक्षावाला तोंडाशी थांबला. आत घालेना, आणि त्याचं बरोबर होतं. त्या गल्लीत रिक्षा वळत नाही, पुढे वाट बंद असली तर उलटी काढावी लागते. पाणी इंजिनापर्यंत चढलं तर गाडी तिथेच बसते. आणि चेंबरवर झाकण आहे की नाही हे पाण्याखाली कळत नाही. मी उतरलो, छत्री काठीसारखी पुढे टेकवत आत गेलो. पहिल्या दारावर २१२, पुढच्यावर ८७, त्याच्या शेजारी २१२/अ.

हे आकडे पाहून नवा माणूस गोंधळतो. आमच्यासारख्याला ठाऊक असतं की हे क्रमांक जागेच्या ओळीने पडलेलेच नाहीत. घर जसजसं कर आकारणीला आलं तसतसा आकडा मिळाला. भावाभावांत वाटणी झाली की त्याच आकड्याला अ, ब लागतो. शिवाय एकाच दारावर सिटी सर्व्हेचा आकडा वेगळा, मालमत्ता क्रमांक वेगळा, आणि कधीकाळी सोसायटीने रंगवलेला प्लॉट नंबर वेगळा. वसुलीसाठी ते उपयोगाचे असतील. पायी चालणाऱ्याला पुढे जाऊ की मागे, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही.

गल्लीतल्या एका खिडकीत उजेड होता. मी हाक मारली तर आतून बाई म्हणाल्या, "चार नंबर? ही सहावी." आणि खिडकी लागली.

सहावी कशी? ते मला नंतर कळलं. जुने लोक स्टेशनच्या बाजूने मोजतात, कारण पूर्वी यायची वाट तीच होती. डीपी रस्ता झाल्यावर तिकडच्या नव्या इमारतींतले लोक उलट्या बाजूने मोजू लागले. गल्ल्या नऊ, म्हणजे एकाची चौथी ती दुसऱ्याची सहावी. भुयारी रस्ता बुडाला नसता तर आम्ही स्टेशनच्या बाजूने आलो असतो आणि मुलीचं मोजणं बरोबर ठरलं असतं. पाण्यामुळे आम्ही फक्त लांबून आलो नव्हतो, उलटे आलो होतो. गल्लीच्या तोंडाशी चारचा एक आकडा असता तरी प्रश्न आला नसता.

आम्ही पुन्हा रिक्षात बसलो. मुलीने घरी फोन लावला. तिकडून सून बोलत होती, आवाज रडवेला. "मारुतीच्या देवळापासून डावीकडे." मुलगी म्हणाली, "मारुतीची दोन देवळं तर आत्ताच दिसली." रस्त्यावर तिसरंही होतं. मी फोन मागून घेतला आणि विचारलं, "बाई, घरातून बाहेर येताना डावीकडे, की बाहेरून आत येताना?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही बाहेर पडतो तेव्हा डावीकडे." चौतीस वर्षांत हे शेकडो वेळा पाहिलंय. माणूस पत्ता सांगतो तो स्वतःच्या उंबऱ्यात उभा राहून, रस्त्याकडे तोंड करून. ऐकणारा उलट बाजूने येत असतो. सांगणाऱ्याची चूक नसते, त्याने आपलं घर बाहेरून शोधलेलंच नसतं.

तेवढ्यात दिवे गेले. रस्त्यावरचे, घरांतले, सगळेच.

अशा वेळी मी नोकरीत काय केलं असतं? पानाच्या टपरीवर विचारलं असतं. इस्त्रीवाल्याला, गिरणीवाल्याला, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं. आयुक्त साहेब, मला नेमकं हेच आपल्यापुढे मांडायचं आहे. आपल्या शहरातले पत्ते कागदावर नाहीत, ते माणसांच्या डोक्यात आहेत. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच मुलखातले. एकाच नावाची गावं अनेक, पत्त्याच्या भाषा अनेक, म्हणून सहा आकडे. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या जिल्ह्याकडे छाटायचं ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या पोस्टात द्यायचं ते. म्हणजे आकडा पत्राला पोस्टाच्या टेबलापर्यंत आणतो. टेबलापासून दारापर्यंतचं अंतर पोस्टमनच्या डोक्यातलं. नवा पोस्टमन बीटवर येतो तेव्हा जुना त्याला सोबत घेऊन फिरवतो, तो यासाठीच. आता २०२५ पासून टपाल खात्याने दहा अक्षरांचा डिजिपिन आणला आहे, त्याने सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सांगता येतो. चांगलं काम आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण ती दहा अक्षरं गल्लीच्या तोंडावर लिहिलेली नाहीत. काळोखात हँडलवर वाकलेल्या माणसाला डोळ्यांनी वाचता येईल असं तिथे काहीच नाही.

दिवसा हे चालून जातं, कारण रस्त्यावर माणसं असतात. रात्री पावसात टपरी बंद, ओटा ओला, खिडक्या लावलेल्या. गल्लीची पाटी खरी लागते ती त्या वेळी, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका, अग्निशमनची गाडी आणि अशी एखादी नर्स पत्ता शोधत असते.

युक्ती त्या मुलीला सुचली. तिने सुनेला विचारलं, "तुमच्या तोंडाशी जो मारुती आहे त्याला घंटा आहे ना, बाहेर? मुलाला पाठवा. वाजवत राहायला सांगा, आम्ही येईपर्यंत." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, गाडी बंद करा." त्याने बंद केली. टपावर पावसाचा नुसता आदळ. बाजूचा प्लास्टिकचा पडदा तिने गुंडाळून वर धरला आणि डोकं बाहेर काढलं. आधी काही नाही. मग एक टोल आला, बारीक, पुढच्या बाजूने. पुन्हा एक. रिक्षावाला म्हणाला, "हाय! म्होरं हाय!"

दोन गल्ल्या पुढे शेंदरी रंगाचं लहानसं देऊळ होतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा उघड्या डोक्याने चौथऱ्यावर उभा राहून दोन्ही हातांनी घंटा ओढत होता. आणि त्याच्या शेजारी छत्री धरून, "अरे एवढ्या रात्री कसली घंटा," असं विचारत उभा होता माझा मित्र.

हीच ती विहिरीची गल्ली. मी तिथे बारा वर्षांपूर्वी दिवसा गेलो होतो तेव्हा तोंडाशी विहीर होती, दगडी काठाची. ती बुजवून आता तिथे पंपाची खोली झाली आहे. मध्ये कधीतरी गल्लीला संत सावता माळींचं नाव मिळालं. मित्र तीस वर्षं तिथे राहतो, त्याच्या तोंडी अजून विहीरच आहे. आजोबांचं कुटुंब भाड्याने येऊन दोन वर्षं झाली, त्यांच्या भाडेकरारावर नवं नाव आहे. एकाच रिक्षात गुडघ्याला गुडघा लावून बसलेली आम्ही दोघं पन्नास मिनिटं एकच गल्ली शोधत होतो आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मी तर मनात हिशेब करत होतो की हिला सोडल्यावर आपल्याला अजून किती फिरावं लागेल.

मुलगी नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी घरात गेली. मी डबा मित्राकडे देऊन तिच्यामागे बॅटरी धरायला गेलो. तिने आजोबांना उशीला टेकवून बसतं केलं. नळी त्यांच्या नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजली, खूण केली आणि "गिळा आजोबा, आवंढा गिळा" म्हणत हळूहळू आत सरकवली. नळी पोटातच आहे याची खात्री करून घेतल्यावर मगच औषध पाण्यात विरघळवून सोडलं. तिचे हात पावसाने गारठलेले होते, आणि नळी धरताना ते जराही हलत नव्हते. डोस पाऊण तास उशिरा गेला. आजोबांना काही झालं नाही. रिक्षावाला बाहेर थांबला होता. त्याने मीटरपेक्षा जास्त एक रुपया घेतला नाही आणि मुलीला परत स्टेशनवर सोडलं.

आता माझी मागणी.

प्रत्येक गल्लीच्या दोन्ही टोकांना पाटी हवी. जिथे दुसरं टोक नाल्यावर बंद होतं तिथे तोंडाशीच "पुढे रस्ता बंद" असं लिहिलेलं हवं. पाटीवर अधिकृत नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली लोकांच्या तोंडी असलेलं जुनं नाव, आणि गल्लीचा क्रमांक कुठल्या बाजूने मोजायचा हे एकदाच ठरवून तोच आकडा. जुन्या नावांत एक अपवाद मी आग्रहाने सांगेन. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. मी अशा वस्तीत टपाल वाटलं आहे. तिथली शिकलेली पोरं नोकरीच्या अर्जावर घरचा पत्ता न लिहिता शाळेच्या पत्त्यावर उत्तर मागवायची, आणि मुलाखतीचं पत्र शाळेच्या कपाटात पडून राहिलेलं मी पाहिलं आहे. ती नावं पाटीवर कुठल्याच अक्षरांत येऊ नयेत. विहीर, चिंच, गिरणी, तालीम ही नावं मात्र राहू द्या, म्हातारी माणसं त्यांवरूनच वाट सांगतात.

जागेबद्दल. विजेच्या खांबावर उंच लावलेली पाटी रिक्षातून दिसत नाही. मागच्या सीटवर बसून पाहा, टपाची कड नजर कापते. चालकाला दिसते ती फक्त वायपरने पुसलेल्या काचेतली कमान. म्हणून पाटी गल्लीतल्या पहिल्या घराच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर हवी. तिथे उभी केलेली गाडी ती झाकत नाही आणि दिव्याचा झोत तिच्यावर पडतो. अक्षरं प्रकाश परतवणाऱ्या पट्टीची हवीत, मग दिवे गेले तरी रिक्षाच्या उजेडात ती उठून दिसतात. भिंतीच्या मालकाची अडचण असेल तर कायदा आपल्या बाजूने आहे. मुंबईसाठीच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातच रस्त्याच्या प्रत्येक टोकाशी, कोपऱ्याशी किंवा प्रवेशापाशी, घराच्या ठळक भागावर नाव लावण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. इतर शहरांसाठीच्या १९४९ च्या कायद्यातही रस्त्यांना नावं आणि घरांना क्रमांक देण्याची तरतूद आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी "टोकाशी, कोपऱ्याशी, प्रवेशापाशी" हे शब्द लिहिले, त्यांना वाट शोधणारा माणूस कुठे अडतो हे ठाऊक होतं.

आणखी एक. या भागात पूर्वी काही पाट्या होत्या, असं मित्र सांगतो. रस्त्याचं काँक्रीट झालं तेव्हा त्या उपटल्या गेल्या आणि परत लागल्या नाहीत. रस्त्याच्या कामाच्या निविदेतच पाटी परत लावण्याची अट घाला आणि ती लागल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका. आणि पाट्या लागल्यावर तपासणी दिवसा करू नका. आपल्या अभियंत्याने रात्री, पाऊस असताना, रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून नऊ गल्ल्यांवरून जावं. उतरावं न लागता नऊही वाचता आल्या तर काम झालं.

मित्राने आपल्या कुंपणाच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन्ही नावं लिहून घेतली आहेत. ती मीच लिहिली, अक्षर बरं आहे म्हणून. या वर्षीच्या पहिल्या पावसातच विहिरीतला "ह" पुसट झाला.

सोबत नऊ गल्ल्यांची यादी जोडत आहे. प्रत्येकीचं नवं नाव, जुनं नाव, स्टेशनकडून कितवी, डीपी रस्त्याकडून कितवी, आणि पाटीसाठी कुठली भिंत सोयीची. पाच घरमालकांनी भिंत वापरायला तोंडी होकार दिला आहे. सातव्या गल्लीचं जुनं नाव मात्र अजून रिकामं आहे. तिथल्या एका आजींना ते आठवतं असं कळलंय. आजी आपल्या लेकीकडे गेल्या आहेत, रविवारी परत येतील. सोमवारी सकाळी त्यांना विचारून येतो आणि आपल्या प्रभाग कार्यालयात कळवतो.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन